पाणी प्या, पण लिहू नका

एप्रिलमधल्या ग्रामसभेत आमच्या वाड्यावरच्या आजीने कमरेवरची तांब्याची कळशी थेट सचिवांच्या टेबलावर आणून ठेवली, तीही हजेरीच्या वहीवर. सचिव म्हणाले, "आजी, कळशी खाली ठेवा, लोकांच्या सह्या व्हायच्यात." आजी म्हणाली, "भरून दे, मग उचलते." हॉलभर हशा पिकला. सचिवही हसले, भिंतीला टेकून उभी असलेली मुलेही हसली. आजी मात्र हसली नाही. तिने पदराने मानेवरचा घाम पुसला आणि पहिल्या रांगेतल्या प्लास्टिकच्या खुर्चीत जाऊन बसली. कळशी तिथेच राहिली आणि पुढच्या सह्या लोकांनी तिला वळसा घालून केल्या. आजीचे ते न हसणे पुढे बरेच दिवस माझ्या डोक्यातून गेले नाही.

सभा साडेदहाची होती. गोव्यातल्या फोंड्याकडच्या आमच्या गावात एप्रिलमधल्या रविवारी साडेदहाला माणसे काजूत असतात. बोंडे वेचायची, बिया सोडवायच्या, उन्हे चढायच्या आत घरी यायचे. वाऱ्याची झुळूक आली की पंचायतीच्या खिडकीतूनसुद्धा पिकल्या बोंडांचा तो आंबूस-गोड वास येतो. त्यामुळे गणपूर्ती झाली नाही. सरपंचबाईंनी सभा अर्धा तास तहकूब केली. तहकूब म्हणजे सगळे उठून समोरच्या हॉटेलात गेले, चहा आणि मिरची भजी खाऊन तेच लोक त्याच खुर्च्यांवर येऊन बसले. येताना एकाने हॉटेलवाल्यालाही ओढून आणले, त्यामुळे गणपूर्तीत एकाची भर पडली आणि दुसऱ्या चहाची सोय गेली. मग सचिवांनी मागच्या सभेचे इतिवृत्त वाचले. पंप त्यातही होता. त्याच्या आधीच्या इतिवृत्तातही होता.

पंप म्हणजे आमच्या वाड्यावरचा हातपंप. माझ्या लहानपणी बोअरची गाडी आली तेव्हाचा तो करड्या चिखलाचा फवारा मला अजून आठवतो. आम्ही पोरे शाळा बुडवून वडाच्या मुळांवर बसून बघत होतो. पाणी लागले तेव्हा आधी नुसता वारा फुसफुसला, मग राखेसारखे पीठ उडाले आणि त्यामागून पाणी. कोणीतरी नारळ फोडला. पुढे काही दिवसांनी तो लोखंडी पंप आला, चौथरा झाला, आणि बायकांची झरीवरची रांग इकडे सरकली. इंडिया मार्क टू जातीचा हा पंप देशात खेडोपाडी दिसतो, आणि त्याचा आवाज एकदा कानात बसला की जात नाही. दांडा खाली दाबला की डोक्यातली साखळी आतला रॉड वर ओढते, खाली खोलवर पितळी नळीत दट्ट्या वर सरकतो आणि आपल्यावरचे पाणी उचलतो. दांडा वर सोडला की दट्ट्या पाण्यातून खाली उतरतो, आणि तळाचा व्हॉल्व्ह पाइपातले पाणी धरून ठेवतो. आमच्या पंपाला दहा पाइप आहेत, प्रत्येकी तीन मीटरचे. म्हणजे पाणी तीस मीटरवरून येते. हे सगळे मला फिटरने सांगितलेले. फिटर म्हणजे आमच्याच वाड्यावरचा, मोटारी-पंप दुरुस्त करणारा, सभेत शेवटच्या रांगेत बसून कोणी विचारेल याची वाट बघणारा. त्याला कोणी विचारले नाही.

नळ सगळ्यांकडे आहेत. ओपाच्या जलशुद्धीकरण प्रकल्पाचे पाणी येते, ठरावीक वेळेला येते, आणि चतुर्थीच्या आसपास, लग्नाच्या दिवशी किंवा पाहुणे उतरल्यावर हमखास येत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कुर्टी-खांडेपारकडे मोठी जलवाहिनी फुटली आणि फोंडा-तिसवाडीत दिवसचे दिवस नळ कोरडे राहिले, तेव्हा भर पावसात सगळा वाडा छत्र्या धरून या पंपावर उभा होता. पणजीत राहणारी मंडळीसुद्धा गाडीच्या डिकीत कॅन घालून माहेरी आली होती. त्या आठवड्यात पंपाचा दांडा थंड झाला नाही. पुढे नळ आले आणि पंप पुन्हा आजीसारख्या चार जणींचा उरला. आजीला नळाचे पाणी डाळ शिजवायला चालत नाही. डाळ आखडते म्हणते.

आता विषयाला दोन ठराव आले होते. पहिला मास्तरांचा. मास्तर निवृत्त मुख्याध्यापक, नियमांची प्लास्टिकच्या पिशवीत घातलेली प्रत घेऊनच सभेला येतात, आणि सरपंचबाई त्यांची विद्यार्थिनी असल्यामुळे बोलायला परवानगी मागताना स्वतः उभे न राहता त्यांनाच उभे करतात. त्यांचे म्हणणे: बोअर खात्याने मारली, पंप खात्याने बसवला, तेव्हा खात्यानेच दुरुस्त करावा, असा ठराव घ्या. दुसरा भाईंचा. भाई माजी पंच, मागच्या निवडणुकीत थोडक्यात गेले. त्यांचे म्हणणे: चौथरा पंचायतीने बांधला, त्याचे पैसे आपण स्वतः मंजूर करून घेतले, तेव्हा पंप पंचायतीचा, पंचायतीनेच दुरुस्त करावा. दोघांनाही पंप दुरुस्त झालेला हवा होता. दोघांच्याही घरच्या बायका त्याच पंपावर जातात. पण ठरावाला सूचक हवा आणि अनुमोदकही हवा. मास्तरांच्या ठरावाला अनुमोदन दिले तर भाईंचा चौथरा पाण्यात जातो. भाईंच्या ठरावाला दिले तर मास्तरांनी खात्याला पाठवलेली सगळी पत्रे, जी त्यांनी रजिस्टर पोस्टाने पाठवून पावत्यांसकट जपून ठेवली आहेत, फुकट जातात. बाकीच्यांपैकी कोणी हात वर केला असता तर काम झाले असते. पण जो हात वर करेल तो एकाचा आणि दुसऱ्याविरुद्धचा, हे सगळ्यांना ठाऊक. पंख्याच्या आवाजाव्यतिरिक्त हॉलमध्ये काही हलेना.

त्यात भाटकार उठले.

पंप उभा आहे ती जमीन भाटकारांची. वय झाले तरी ताठ, पांढराशुभ्र शर्ट, हातात छत्री. पंपाला त्यांचा कधीच विरोध नव्हता. उलट उन्हाळ्यात बायकांना सावली व्हावी म्हणून चौथऱ्याच्या कडेला रातांबा त्यांनीच लावला. त्यांचा विरोध ठरावाला होता. "पाणी प्या," ते म्हणाले, "पिढ्यान्‌पिढ्या प्या. पण लिहू नका. तुम्ही ठरावात पंचायतीचा पंप म्हटलात की उद्या कोणीतरी तो कागद घेऊन मामलेदाराकडे जाणार, आणि माझ्या जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर इतर हक्कांत नाव चढणार." कोणी म्हणाले, पात्रांव, एका पंपाने काय जमीन जाते? भाटकार त्याच्याकडे बघतच राहिले. मला त्या नजरेमागचे माहीत होते. भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्या मुंडकारांना संरक्षण देणारा १९७५ चा मुंडकार कायदा, पाठोपाठ १९७६ ची कूळ कायद्याची दुरुस्ती; त्यांच्या वडिलांच्या हातून शेते आणि घराखालच्या जागा गेल्या त्या अशाच एकेका नोंदीने. ते योग्यच झाले असे मी मानतो. आमचे घरही मुंडकाराचेच, त्याच कायद्याने आमचे झालेले. पण ज्याच्या घरात नोंदीने जमीन गेली त्याला नोंदीची भीती वाटणारच, आणि ज्याच्या घरात नोंदीने जमीन आली त्याला कुठल्याही कागदावर नाव चढवावेसे वाटणारच. तासभर चाललेल्या त्या गोंधळात मला भाटकारांचा रागही येत होता आणि त्यांच्या बाजूने दोन शब्द बोलावेसेही वाटत होते. मी काहीच बोललो नाही.

सरपंचबाईंनी सचिवांना विचारले, दप्तरात पंप कोणाच्या नावावर आहे? सचिवांनी फाइल उघडली, दोन पाने पुढे गेले, चार मागे आले, आणि म्हणाले की पंपाचे नंतर बघू, दप्तरात आणखी एक अडचण आहे. २०२२ चा ठराव. गोव्याला हर घर जल राज्य म्हणून प्रमाणित केले त्या वर्षी गोव्याच्या ३७८ गावांतून तसे ठराव झाले होते, आपल्या ग्रामसभेनेही प्रत्येक घरात नळाचे पाणी पोचल्याचे एकमताने मान्य केले होते. "मग," सचिव घसा साफ करून म्हणाले, "हातपंपाची गरज कशी दाखवायची? वर विचारतील, नळ आहेत असे तुम्हीच लिहून दिलेत ना?"

भाई उसळले. असा ठराव झालाच नाही म्हणाले. झाला असेल तर गणपूर्ती नसेल. सचिव म्हणाले, त्या सभेचा व्हिडिओ आहे, तो तेव्हा वर पाठवावाच लागला होता. हॉटेलवाल्याच्या मोबाइलवर तो निघाला. भोवती गर्दी झाली. छोट्याशा पडद्यावर हाच हॉल, हेच पंखे, आणि पहिल्या रांगेत हात उंच केलेले भाई. त्यांच्या शेजारी हात उंच केलेले मास्तर. दोघेही एकाच ठरावाला हात वर करताहेत असे दृश्य गावाने त्याआधी पाहिले नव्हते आणि त्यानंतरही पाहिलेले नाही. भाई म्हणाले, "मी हात पंख्यासाठी वर केला होता, पंखा वाढवा म्हणून." मास्तर म्हणाले, "मी नळ पोचला म्हणून हात वर केला. पाणी पोचले म्हणून नाही." हे उत्तर इतके चोख होते की भाईंनीही क्षणभर मान डोलावली आणि लगेच सावरून घेतली. मग कोणीतरी सुचवले की २०२२ चा ठरावच रद्द करा. सरपंचबाईंनी भिंतीकडे पाहिले. तिथे प्रमाणपत्र काचेच्या फ्रेममध्ये लटकत होते. तो विषय तिथेच मिटला.

खरी गंमत खर्चाच्या अंदाजपत्रकावर झाली. ठराव कोणाच्याही नावाने होवो, आकडा लागणार होता. आकडा काढायला अभियंता लागतो, आणि अभियंता फोनवर म्हणाले होते की पंप उघडून बघितल्याशिवाय आकडा देता येत नाही. पंप उघडायला माणसे आणि तिकाटणे लागते, त्याला खर्च. खर्चाला मंजुरी लागते. मंजुरीला आकडा लागतो. इथे येऊन सगळे पुन्हा चहाच्या आठवणीने बाहेर बघायला लागले. तेव्हा मास्तरांनी तोड काढली: उघडायचे कशाला, बिघाड लक्षणांवरून ओळखू. दट्ट्यावरची वायसर झिजली असेल तर सामान किरकोळ किमतीचे. रॉड तुटला असेल तर खर्च मोठा. आणि ओळखायचे सोपे आहे. वायसर झिजत जाते, तेव्हा पाणी महिन्यामहिन्याने कमी होते. रॉड तुटतो तो एका क्षणात, दांडा एकाएकी हलका होतो आणि आपल्या वजनाने खाली पडून राहतो. म्हणजे प्रश्न एवढाच, की पंप हळूहळू बंद पडला की अचानक?

मास्तर म्हणाले अचानक, कारण मोठा खर्च असेल तर तो खात्याकडेच जाईल. भाई म्हणाले हळूहळू, कारण किरकोळ खर्च पंचायतीला झेपतो. दोघांपैकी एकानेही गेल्या दहा वर्षांत दांड्याला हात लावलेला नव्हता. सरपंचबाई दोघांकडे बघत होत्या, आणि मला वाटते त्याच क्षणी त्यांना पहिल्या रांगेतली आजी दिसली. "आजी," त्या म्हणाल्या, "तू सांग."

आजी खुर्चीतूनच बोलली. गेल्या चवथीच्या आधी सकाळी तिसऱ्या-चौथ्या हिसक्याला पाणी यायचे. मग दिवाळीत दहा-पंधरा हिसके मारावे लागले. रात्रीत पाइपातले पाणी उतरून जायचे, सकाळी पुन्हा पहिल्यापासून. पहिली कळशी तांबडी यायची, ती झाडांना घालायची. शिगम्यापर्यंत कळशी भरायला हात दुखायचे. "आणि मग एका सकाळी खट्ट झाले. दांडा हलका. पण पुरता हलका नाही. काहीतरी लोंबकळतेय आत."

शेवटच्या रांगेतला फिटर उभा राहिला. त्याला राहवले नसावे. म्हणाला, दोन्ही बरोबर. वायसर आणि तळाचा व्हॉल्व्ह आधीच गेले, नंतर मध्येच कुठेतरी रॉडचा जोड सुटला. वरचे चार-सहा रॉड अजून साखळीला आहेत, म्हणून वजन लागतेय. रॉड स्वस्त आहे हो, तो पुढे म्हणाला, भीती पाइपांची. आमचे पाणी लाल मातीतून येणारे, थोडे आंबट, ते जस्त खाते आणि मग लोखंड खाते. तांबडी कळशी येते ती त्याचीच. वर ओढताना गंजलेला आटा सुटला तर खालचे पाइप बोअरमध्ये जातील, आणि मग पंप नाही, बोअरच गेली. तेव्हा घाई नको, प्रत्येक जोडाला क्लॅम्प लावूनच उचलायचे.

एवढी स्पष्ट माहिती सभेत कधी कोणी दिली नव्हती. सचिव म्हणाले, हे नोंदवून घेता येणार नाही, कारण फिटरचे नाव हजेरीत नाही. त्याने सही केली नव्हती. कळशी मध्ये होती ना!

मग सरपंचबाईंनी जे केले त्याचे मला अजून कौतुक वाटते. त्या म्हणाल्या, मास्तरही राहू देत, भाईही राहू देत, सूचक आजी होईल. ठराव एकाच ओळीचा: हातपंप चालू करावा. कोणी, कोणाच्या खर्चाने, कोणाचा, काही नाही. भाटकारांनी ओळ दोनदा वाचून घेतली, आपले नाव, सर्व्हे नंबर, काही नाही हे पाहून छत्री मांडीवर आडवी ठेवली. आणि अनुमोदक कोण, असे विचारताच मास्तरांचा आणि भाईंचा हात एकाच वेळी वर गेला.

इथे गावाने सुटकेचा श्वास सोडायला हवा होता. पण अनुमोदक म्हणून एकच नाव लिहायची प्रथा. मास्तर म्हणाले त्यांचा हात आधी. भाई म्हणाले मास्तरांचा कोपर वाकलेला होता, हात म्हणजे सरळ हात. हॉटेलवाल्याला विचारले, तू व्हिडिओ काढत होतास का? नव्हता. मग दोघांनाही अनुमोदक लिहा म्हटले तर पहिले नाव कोणाचे यावर अडले. वर्णानुक्रमाने लिहा म्हटले तर नावाचा की आडनावाचा. तेवढ्यात वीज गेली, माइक मेला, आणि अंधारलेल्या हॉलमध्ये दोघे एकमेकांना ऐकू जावे म्हणून इतक्या मोठ्याने बोलू लागले की बाहेरची कुत्री भुंकायला लागली. सरपंचबाईंनी विषय पुढच्या सभेवर ढकलला. पुढची सभा जुलैत. जुलैत आमच्याकडे अंगणातसुद्धा पाणी असते.

आजीने कळशी उचलली. टेबलावर वहीच्या पानावर ओला गोल उमटला होता, आणि त्यात पाच-सहा सह्यांची शाई पसरली होती. सचिव त्या सह्या पुन्हा घ्यायच्या की नाही या विचारात पडले.

पुढच्या रविवारी, ठरावाशिवाय, पंप उघडला. फिटरने तिकाटणे आणले, मुलांनी दोर धरला. दहा पाइप, रॉड आणि आत अडकलेले पाणी मिळून दीडशे किलोच्या घरात वजन. वर येईपर्यंत सगळ्यांचे शर्ट भिजून अंगाला चिकटले. पाइप एकेक करून वर आला, क्लॅम्प लागला, आटा सुटला, बाजूला रातांब्याच्या सावलीत रचला गेला. भाटकार छत्री उघडून उभे होते आणि कोणाचा हात घसरला की "सांभाळून रे" म्हणत होते. सहावा रॉड येईपर्यंत सगळे अखंड. त्याच्या खालचा जोड सुटलेला. म्हणून पाइपांबरोबर खालचे रॉडही तसेच आत उभे होते. शेवटी सिलिंडर आला. फिटरने दट्ट्या काढून वायसर बोटांत धरली तर ती कागदासारखी पातळ झालेली. त्याने ती मास्तरांना दाखवली, रॉडचे झिजलेले टोक भाईंना दाखवले. दोघांनी आपापल्याविरुद्धचा पुरावा नीट निरखून पाहिला. दोन पाइप फारच गंजलेले निघाले. ते बदलायचे पैसे कोणी दिले हे मला माहीत आहे, पण त्यांनीच सांगितलेय की लिहू नका.

संध्याकाळी पाणी आले. पहिल्या चार कळशा तांबड्या, मग स्वच्छ.

जुलैच्या सभेची नोटीस फळ्यावर लागली तेव्हा पंपाचा विषय त्यात होताच. मास्तरांनी लेखी दिले होते: सार्वजनिक मालमत्ता पूर्वपरवानगीशिवाय उघडल्याबाबत खुलासा व्हावा. मी त्यांना पंपावरच गाठले. ते दांडा मारत होते, नात खाली बादली धरून उभी होती. मी म्हटले, मास्तर, आता हे कशाला? पंप तर चालू झाला. ते दांडा न थांबवता म्हणाले, "चालू झाला हे खरे. पण चालू कोणी केला, हे दप्तरात नको यायला?" मग बादली भरली. थोडे थांबून म्हणाले, "आणि त्या ठरावाला अनुमोदक मी आहे. भाईने विचारले तर तूही सांग, तू तिथे होतास."